सुई टोचली, पण सांगायचे कसे?

या वेळच्या आरोग्यपानावर आम्ही सफाई कामगारांच्या आरोग्याबद्दल लिहीत आहोत. आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी घरांची चूल झाडू, कचरागाडी आणि गटार या कामांवर पेटते. तरीही ही गोष्ट आपण मोकळेपणाने बोलत नाही. न बोलण्याचा परिणाम शरीरावर आणि पगारावर कसा होतो, हे आमच्याच वस्तीतल्या एका ताईंच्या उदाहरणावरून पाहू. त्यांच्या परवानगीने लिहीत आहोत. त्यांचे नाव आणि त्यांच्या ठेकेदाराचे नाव आम्ही देत नाही.

काय घडले

ताई ठेकेदाराकडे घरोघरचा कचरा उचलण्याचे काम करतात. एका सकाळी इमारतीच्या डब्यातली पिशवी गाडीत टाकताना त्यांनी ती हाताने दाबली. आत इंजेक्शनची सुई होती. हातात सुती मोजे होते. सुई मोज्यातून आरपार तळहातात घुसली. रक्त आले. ताईंनी जखम तोंडाने चोखली, हातावर फडके बांधले आणि फेरी पूर्ण केली.

दुपारी त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी विचारले, "कसं लागलं?" रांगेत मागे शेजारच्या इमारतीतल्या बाई उभ्या होत्या. ताई म्हणाल्या, "घरी भांडी घासताना काच लागली." डॉक्टरांनी जखम साफ केली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि केसपेपरवर लिहिले, घरी काच लागून जखम.

तिसऱ्या दिवशी हात सुजला. तशा हातानेच त्या कामावर जात राहिल्या, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. पाचव्या दिवशी, रविवारी, विहारात त्यांच्या हाताकडे आमच्यापैकी एकीचे लक्ष गेले. बाजूला बसवून विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. खोटे का सांगितले, यावर ताई एवढेच म्हणाल्या, "कचऱ्यात काम करते म्हटलं की लोक हात मागे घेतात. डॉक्टर पण लांबूनच बघतात. मुलीच्या लग्नाचं बोलणं चाललंय, त्यात आणखी हे कशाला?"

ही भीती ताईंच्या एकटीच्या मनातून आलेली नाही. हे काम जातीने ठरवून दिले गेले आणि काम करणाऱ्यालाच घाण ठरवले गेले. म्हणून इमारतीत पाणी मागितले तर बाटली वरून ओततात आणि लिफ्ट वापरू देत नाहीत. भाड्याने खोली देतानाही कामाची चौकशी होते. ही वागणूक वर्षानुवर्षे सोसलेला माणूस जिथे शक्य असेल तिथे काम लपवतो. आपल्याही घरांत बायोडाटावर झाडूवाल्याचा 'सुपरवायझर' होतो, हे आपण मान्य केले पाहिजे. लाज कामगाराची नाही. पण तिची किंमत कामगारच मोजतो.

लपवल्यामुळे शरीराचे काय नुकसान झाले

काचेची जखम आणि वापरलेल्या सुईची जखम दिसायला सारखी असली तरी उपचार वेगळे आहेत. वापरलेल्या सुईतून तीन आजार येऊ शकतात : कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही. यांत एचआयव्हीची भीती लोकांना सर्वांत जास्त वाटते, पण सुईतून पसरण्याचा धोका सर्वांत जास्त कावीळ ब चा आहे. आणि तिच्यावर लस आहे. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, असे तीन डोस घ्यायचे असतात. कचरा उचलणाऱ्या प्रत्येक माणसाला ही लस कामाच्या सुरुवातीलाच मिळायला हवी. ताई बारा वर्षे या कामात आहेत. त्यांना एकही डोस कोणी दिला नव्हता.

एचआयव्ही टाळण्यासाठी सुई टोचल्यानंतर घ्यायच्या गोळ्या असतात. त्या जितक्या लवकर सुरू होतील तितके चांगले, शक्यतो दोन तासांत. ७२ तास, म्हणजे तीन दिवस उलटल्यावर त्या सुरू करत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा असतो. सुई कोणाची हे माहीत नसेल तर गोळ्या द्यायच्या की नाही, हे डॉक्टर जखम आणि परिस्थिती पाहून ठरवतात. सरकारी रुग्णालयातील एआरटी केंद्रात त्या मोफत मिळतात. आम्हाला कळले तेव्हा पाचवा दिवस होता. ती वेळ निघून गेली होती.

कावीळ ब साठी मात्र दार पूर्ण बंद झाले नव्हते. लस न घेतलेल्या माणसाला तयार प्रतिपिंडांचे एक वेगळे इंजेक्शन देतात. ते पहिल्या २४ तासांत मिळाले तर उत्तम, पण सात दिवसांपर्यंत देता येते. ताईंना रविवारीच मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात नेले. तिथे ते इंजेक्शन मिळाले, लसीचा पहिला डोस मिळाला आणि रक्ताची पहिली तपासणी झाली. पुढच्या तपासण्या सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी झाल्या. शेवटचा अहवालही स्वच्छ आला. पण ते सहा महिने त्या घरात कोणी सुखाने झोपले नाही.

सुई टोचल्यावर लगेच काय करायचे, ते इथे सांगून ठेवतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवा. ती चोखू नका, पिळू नका, त्यावर फिनाइल किंवा ब्लीचिंग ओतू नका. मुकादमाला लगेच सांगा. काम सोडून त्याच वेळी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. तिथे हे एक वाक्य बोला : "मी कचरा उचलण्याचं काम करते, कामावर असताना वापरलेली सुई टोचली, इतके वाजता." या एका वाक्यात डॉक्टरांना हवी असलेली सगळी माहिती आहे.

पगारपावती काय सांगत होती

आता पैशांकडे येऊ. ताईंना रोज ८०० रुपये आणि महिन्याला २६ दिवसांचे २०,८०० रुपये पगार होता. पगारपावतीवर 'ईएसआय' या नावापुढे ८३२ रुपयांची कपात होती. शेजारी दहा आकडी एक क्रमांकही छापलेला होता. तो कशाचा, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. तो त्यांचा विमा क्रमांक होता.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. याचा कायदा १९४८ साली झाला. त्याआधीची योजना तयार झाली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते त्या काळात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला हा विमा लागू होतो आणि ठेकेदाराकडचा कामगारही त्यात येतो. कामगाराच्या पगारातून शंभरामागे ७५ पैसे जातात, मालक स्वतःच्या खिशातून शंभरामागे सव्वातीन रुपये भरतो. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापण्यास कायद्याची मनाई आहे.

ताईंचा हिशेब करून पाहू. २०,८०० वर कामगाराचा हिस्सा होतो १५६ रुपये. मालकाचा हिस्सा होतो ६७६ रुपये. दोन्ही मिळून ८३२. म्हणजे ठेकेदार दोन्ही हिस्से ताईंच्याच पगारातून कापत होता. दर महिन्याला ६७६ रुपये त्यांच्या ताटातून जात होते. 'ईएसआय कापतात' एवढेच ठाऊक असल्याने कोणी बेरीज करून पाहिली नव्हती.

आपल्या पावतीवर हे ओळखणे सोपे आहे. पगाराची शेवटची दोन शून्ये सोडून द्या. उरलेल्या आकड्याचा पाऊण भाग काढा. २०,८०० चे २०८, आणि २०८ चा पाऊण भाग १५६. अपूर्णांक आला तर पुढचा पूर्ण रुपया धरा. कपात याहून जास्त असेल तर जाब विचारा. आणि कपात होते पण विमा क्रमांकच नाही, असे असेल तर पैसे भरले जात नसण्याची शक्यता आहे. ती तक्रार जवळच्या ईएसआय कार्यालयात लेखी द्या. ठेकेदाराने पैसे बुडवले तर ते भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. आपल्या बाबतीत मूळ मालक म्हणजे ज्या संस्थेने ठेका दिला ती.

एका खोट्या वाक्याची किंमत

सोमवारी ताईंना घेऊन आम्ही ईएसआय दवाखान्यात गेलो. हाताची सूज पाहून डॉक्टरांनी बारा दिवस विश्रांती लिहून दिली. या बारा दिवसांचे पैसे दोन प्रकारे मिळू शकत होते.

जखम कामावर झाली असे नोंदले गेले, तर रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात. ८०० चे ७२०. काम किमान तीन दिवस बंद राहिले की हा लाभ मिळतो, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतो आणि काम करता येत नाही तोपर्यंत मिळतो. बारा दिवसांचे झाले असते ८,६४० रुपये.

साधे आजारपण म्हणून नोंदले, तर ७० टक्के मिळतात. ८०० चे ५६०. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या ठरलेल्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. वर्षात ९१ दिवसांची मर्यादा आहे. शिवाय पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे दहा दिवसांचे ५,६०० रुपये.

ताईंच्या वतीने आम्ही अपघाताची नोंद मागितली तेव्हा मुकादमाने केसपेपर पुढे केला आणि म्हणाला, "तुम्हीच डॉक्टरला सांगितलंत ना, घरी काच लागली म्हणून?" त्याला उत्तर नव्हते. अर्ज आजारपणाचा झाला. फरक ३,०४० रुपयांचा. रांगेतल्या त्या बाईंच्या नजरेला घाबरून बोललेल्या एका वाक्याची ही किंमत. हाताला कायमची इजा झाली असती तर नुकसान कितीतरी मोठे झाले असते, कारण कामावरच्या इजेने येणाऱ्या कायमच्या अपंगत्वाचा लाभही त्या पहिल्या नोंदीवरच उभा राहतो.

म्हणून अपघात झाल्यावर अपघात नोंदवहीत त्याच दिवशी नोंद करून घ्या. कामगाराला स्वतः किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणालाही ती करता येते. वही देत नसतील तर साध्या कागदावर तारीख, वेळ, जागा, काय लागले आणि जवळ कोण होते, एवढे लिहून द्या. दुसऱ्या प्रतीवर सही घ्या, किंवा मोबाइलवरून फोटो पाठवा म्हणजे वेळेचा पुरावा राहतो.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पगार २१,००० च्या वर गेला तर या विम्यात नव्याने नाव येत नाही. मग कामावरच्या इजेची भरपाई मालकानेच द्यायची असते. त्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे आणि तिथेही पुरावा लागतोच. दुसरी गोष्ट, पाच लाखांपर्यंतच्या सरकारी आरोग्य कार्डाने रुग्णालयातला उपचार होतो, पण बुडालेला पगार त्यातून मिळत नाही. ते कार्ड आहे म्हणून ईएसआय नको, असे कोणी सांगितले तर मान्य करू नका.

मालकाकडून काय मागायचे

'सन्मान द्या' असे नुसते म्हटले तर मालक टाळ्या वाजवतो आणि स्वच्छता दिनाला शाल देतो. म्हणून मागणी मोजता येईल अशी करावी. ताईंच्या चौकीवरच्या कामगारांनी आमच्याबरोबर बसून चार मागण्या लिहिल्या.

पहिली पगाराची. दर महिन्याला छापील पावती, तिच्यात किमान वेतन आणि विशेष भत्ता वेगळा दाखवलेला, मालकाचा हिस्सा कापलेला नसावा आणि आजवर कापलेला परत मिळावा. महाराष्ट्रात हा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. त्यामुळे त्या दोन महिन्यांच्या पावत्या आधीच्या पावतीशेजारी ठेवून पाहायच्या.

दुसरी चौकीची. हात धुवायला साबण आणि वाहते पाणी, बायकांसाठी कडी लागणारे शौचालय, कपडे बदलायला आडोसा आणि घरचे कपडे ठेवायला कपाट. कामाचे कपडे अंगावर घेऊन बसमध्ये चढावे लागते तेव्हाच लोक नाक मुरडतात. अंघोळ करून, स्वच्छ साडी नेसून घरी जाता आले की अर्धा अपमान तिथेच थांबतो आणि घरात जंतूही जात नाहीत. याच मागणीत त्यांनी एक ओळ जोडली : "मुकादमाने नावाने हाक मारावी, 'ए कचरा' म्हणू नये."

तिसरी आरोग्याची. प्रत्येकाच्या हातात विमा क्रमांक, कावीळ ब चे तीन डोस, धनुर्वाताची लस आणि वर्षातून एक तपासणी. तपासणीत छातीचा एक्स-रे, त्वचा, डोळे आणि पाठ पाहावी आणि अहवाल कामगाराच्या हातात द्यावा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात काम असेल तर लेप्टोसाठी डॉक्टरांचा सल्ला आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवेत.

चौथी प्रशिक्षणाची. ते पगारी वेळेत, मराठीत आणि हाताने करून दाखवून व्हावे. पिशवी दाबायची नाही, मांडीला टेकवायची नाही, गाठीला धरून अंगापासून दूर उचलायची, हे दहा मिनिटांत शिकवता येते. सुती मोजे सुई अडवत नाहीत. जाड रबरी मोजे ओरखडे आणि घाण अडवतात, पण सरळ घुसणारी सुई तेही पूर्ण थांबवत नाहीत. म्हणून पद्धत शिकवणे मोज्यांइतकेच गरजेचे आहे. गाडीवर सुया टाकायला जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा हवा. मात्र गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरण्याचे 'प्रशिक्षण' कोणी देऊ लागले तर साफ नकार द्या. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे.

मागणीअर्जाला जोर कागदाने येतो. ठेक्याच्या निविदेत मोजे, बूट, गणवेश किती आणि कधी द्यायचे, हे बहुधा लिहिलेले असते आणि त्याचे पैसेही ठेकेदार घेत असतो. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तीन कागद मागता येतात : ठेक्याच्या अटी, मोजे-बूट वाटपाची सह्यांसह यादी आणि ईएसआय भरल्याची चलने. उत्तर ३० दिवसांत द्यायचे असते. ताईंच्या चौकीने हा अर्ज केला. वाटपाच्या यादीत रबरी मोज्यांसमोर सगळ्यांच्या सह्या होत्या. त्या कोणीच केलेल्या नव्हत्या. ती यादी मिळाल्यानंतर तीन आठवड्यांत मोजे आले आणि पुढच्या पावतीवर कपात १५६ रुपये झाली. मागचे पैसे अजून मिळालेले नाहीत. त्याची तक्रार चालू आहे.

कागदाचे महत्त्व मुंबईच्या कामगारांनी मोठ्या लढ्यात पाहिले आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यामुळे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना महापालिकेत कायम करण्याचा निकाल एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लागला. त्यानंतरही नावांच्या स्पेलिंगमधल्या फरकामुळे अनेकांची पडताळणी अडकली. म्हणून आधार, पगारपावती, बँक आणि विमा या चारही ठिकाणी आपले नाव एकसारखे आहे का, हे आजच पाहा.

आपल्या घरातला डबा

ती सुई कोणाच्या तरी घरातून आली होती. आपल्या वस्तीतही साखरेचे रुग्ण इन्सुलिन घेतात. वापरलेली सुई पिशवीत टाकू नका. फिनाइलच्या रिकाम्या जाड बाटलीत टाका, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर 'सुया' असे लिहा आणि कचरा घेणाऱ्याला सांगून वेगळी द्या. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळा. सॅनिटरी पॅड आणि डायपरही गुंडाळून, खूण करून द्या. कचरा घ्यायला येणाऱ्या ताई-दादांना आपल्या घरच्या पेल्यातून पाणी द्या. आपल्याला दिलेली वागणूक आपण पुढे चालवायची नाही.

चर्चेसाठी

येत्या रविवारी विहारात येताना पगारपावती बरोबर आणावी. आम्ही बेरीज करायला बसू. तोवर घरी तीन प्रश्नांवर बोला. आपल्या पावतीवरची ईएसआय कपात पगाराच्या प्रमाणात बरोबर आहे का? घरातल्या सफाई कामगाराला कावीळ ब चे किती डोस झाले आहेत? आणि घरी मुलांना आई-बाबांचे काम त्याच्या खऱ्या नावाने सांगितले आहे का?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ताईंनी आम्हाला स्वतःहून सांगितले. लसीच्या तिसऱ्या डोसाला मुलगी त्यांच्याबरोबर गेली होती. खिडकीवर बाईंनी विचारले, "काम काय करता?" ताई क्षणभर थांबल्या. मुलगीच म्हणाली, "आई कचरागाडीवर आहे. सुई टोचली होती, तिसरा डोस आहे." बाईंनी तसेच लिहून घेतले.